शब्द ट्रॅकवर बसत नाहीत? आधी लय तपासा, मग अक्षरं मोजा

लक्षणं

चाल चांगली असते, गाणारीचा सूर पक्का असतो, ट्रॅकमध्येही काही खोट नसते आणि तरी गाणं अवघडल्यासारखं वाटतं. अशा वेळी बहुतेक जण माइकला दोष देतात, नाहीतर गळ्याला. ऐरोलीत मी लग्नाची, हळदीची, देवीची गाणी बांधून रेकॉर्ड करून देते. ठाण्यापासून पनवेलपर्यंतची मंडळी येतात आणि पुन्हा पुन्हा एकच तक्रार आणतात, "ताई, शब्द बसत नाहीयेत." त्यातल्या बहुतेक वेळा लय आणि शब्दांची दाटी यांचा मेळ चुकलेला असतो. तो कसा ओळखायचा आणि कमीत कमी खर्चात कसा सुधारायचा, ते क्रमाने सांगते.

गाणं संथ असेल तर हे दिसतं: गाणारी ओळ गात नाही, वाचल्यासारखी म्हणते. मींड किंवा मुरकी घ्यायला कुठे जागाच सापडत नाही. श्वास शब्दाच्या मध्ये तुटतो. घरच्यांना ऐकवलं की ते चालीचं कौतुक करतात, पण "शेवटी काय म्हणाली ती?" असं विचारतात. आणि रिव्हर्ब, म्हणजे आवाजाची घुमणारी शेपूट, चढवला की शब्द एकमेकांवर सांडतात. संथ गाण्याला लांब रिव्हर्ब शोभतो, पण आधीच्या अक्षराची शेपूट विरायच्या आत पुढची तीन अक्षरं येऊन गेली तर सगळा चिखल होतो. मिक्स करणाऱ्याने रिव्हर्ब कमी केला की चिखल जातो, पण त्याबरोबर गाण्याचा ओलावाही जातो.

गाणं जलद असेल तर दोन उलट तऱ्हा असतात. एकीत शब्द कमी पडतात. ढोलकी धावत असते आणि आवाज मात्र एकेका स्वरावर लोंबकळत राहतो. गाणारा आपणहून मध्ये "गं", "रे", "हो" घालायला लागतो. ही सवय नाही, त्याच्या अंगातली लय रिकामी जागा भरून काढत असते. दुसऱ्या तऱ्हेत शब्द इतके असतात की जीभ वळत नाही, व्यंजनं गिळली जातात आणि ट्रॅक हळू करून घेतला की तोच गाणारा तीच ओळ अचूक म्हणतो.

आणखी एक खूण आहे, ती दोन्हीकडे सापडते. मुखडा छान बसतो आणि दुसऱ्या अंतऱ्यात गाडी अडते. मुखड्याचे शब्द चालीबरोबर जन्मलेले असतात, तर दुसरा अंतरा बहुधा नंतर घरी बसून, ट्रॅक न लावता लिहिलेला असतो.

पहिली तपासणी: ट्रॅकची खरी लय किती?

हिला पैसा लागत नाही, पाच मिनिटं लागतात. ट्रॅक लावा आणि टाळी द्या, पण मोजून-मापून नाही, चालताना पाऊल पडेल तशी. मग फोनवरचं मेट्रोनोम अ‍ॅप उघडून त्या टाळीशी जुळणारा बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, तो शोधा. ट्रॅकच्या फाइलवर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. अ‍ॅपला आणि सॉफ्टवेअरला ७० आणि १४० यांतला फरक पुष्कळदा कळत नाही. फाइलवर १४० लिहिलेलं असतं, पण पाऊल ७० च्या चालीने पडत असतं. लिहिणारा १४० बघून जलद गाणं समजतो, शब्द भरभरून लिहितो आणि गाणं दाटीने मरतं. आमच्याकडची बरीच कोळी आणि हळदीची गाणी सहाच्या झोक्यात चालतात. तिथेही तोच घोळ होतो. एक अ‍ॅप झोक्याचे दोन मोठे ठोके मोजतं, दुसरं सहा लहान ठोके मोजतं. पाय जो ठोका धरतात, तोच तुमचा ठोका.

तो मिळाला की ६० ला बीपीएमने भागा. एका ठोक्याला किती सेकंद लागतात ते कळतं. ६४ बीपीएमला ठोका सुमारे ०.९४ सेकंदाचा, १२६ ला ०.४८ सेकंदाचा. पुढचं सगळं या दोन आकड्यांवरच उभं आहे.

दुसरी तपासणी: कागदावरची नाही, तोंडातली अक्षरं मोजा

ही पायरी लोक गाळतात आणि मग गणित चुकतं. मराठीत आपण लिहितो तितकी अक्षरं म्हणत नाही. शब्दाच्या शेवटचा आणि पुष्कळदा मधलाही अ गळतो. "आठवण" कागदावर चार अक्षरांची आहे, बोलताना आठ-वण, म्हणजे दोन. "बरसतो" लिहिताना चार, म्हणताना ब-रस-तो, तीन. "घर" एकाच झटक्यात येतं. पण गाण्यात याला एक अपवाद आहे. चालीने "घ" आणि "र" यांना दोन वेगळे स्वर दिले तर तिथे दोन मोजायचे. अभंगासारख्या अक्षरं मोजून बांधलेल्या रचनेत तर प्रत्येक अक्षर पूर्ण म्हटलं जातं. म्हणून नियम एकच ठेवा. गाणारी प्रत्यक्षात जे गाते ते मोजा.

मोजायची सोपी रीत अशी: हाताची मागची बाजू हनुवटीखाली टेकवा आणि ओळ सावकाश म्हणा. प्रत्येक स्वराला हनुवटी खाली येते. हाताला जितक्या वेळा स्पर्श होईल तितकी अक्षरं. जिथे संशय येईल तिथे फोनवर रेकॉर्ड करून अर्ध्या वेगाने ऐका.

मग ओळीचे शब्द प्रत्यक्षात किती ठोके व्यापतात ते बघा. ओळ आठ ठोक्यांची असली तरी शेवटचे एक-दोन ठोके श्वासाचे किंवा सुरावटीचे असतात. ते वगळा. उरलेल्या ठोक्यांनी अक्षरांना भागलं की ठोक्याला किती अक्षरं ते कळतं. त्याच ठोक्यांच्या सेकंदांनी भागलं की सेकंदाला किती ते कळतं. दोन्ही आकडे लागतात, कारण संथ गाण्यात मर्यादा कानाची असते आणि जलद गाण्यात तोंडाची. ६४ बीपीएमला ठोक्याला चार अक्षरं म्हणणं जिभेला काहीच कठीण नाही. सेकंदाला साधारण चार होतात, आपण गप्पा मारताना याहून जलद बोलतो. आणि म्हणूनच कानाला त्या गप्पा वाटतात, गाणं वाटत नाही. उलट १२६ ला ठोक्याला चार म्हणजे सेकंदाला ८.४ अक्षरं. ते रॅप करणाऱ्या सरावलेल्या जिभेचं काम आहे, हळदीत गाणाऱ्या मावशीचं नाही.

माझ्या कामातले आकडे सांगते. ६० ते ७५ बीपीएमच्या गाण्यात ठोक्याला सरासरी एक ते दोन अक्षरं, म्हणजे सेकंदाला एक ते अडीच. ११५ ते १३५ च्या गाण्यात ठोक्याला दीड ते अडीच, म्हणजे सेकंदाला तीन ते साडेपाच. एखाद्या ठोक्यावर तीन अक्षरांची झड चालते, पूर्ण ओळभर नाही. हे चालवून पाहिलेले अंदाज आहेत, कायदा नाही. पण ज्या ओळी अडतात, त्या जवळजवळ नेहमी या चौकटीबाहेर सापडतात.

एक ओळ उलगडून बघू

घणसोली गावातल्या एका काकूंनी लेकीच्या पाठवणीसाठी गाणं लिहिलं होतं. ट्रॅक ६४ बीपीएमचा, सनई आणि हलकी ढोलकी. ओळ अशी होती:

अंगणातली तुळस आज मला विचारते, तुझी लेक कुठं निघाली

काकू म्हणाल्या, "अगं पोरी, घरी म्हणते तेव्हा बरोबर बसतं की." आणि ते खरंच होतं. घरी ट्रॅक नसतो. आपण शब्दांसाठी थांबतो, लयच वाकवतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. ट्रॅकवर लय वाकत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते, घरी लिहिताना निदान मेट्रोनोम तरी चालू ठेवा.

मोजलं. कागदावर पंचवीस अक्षरं. तोंडात अं-ग-णात-ली चार, तु-ळस दोन, आज एक, म-ला दोन, वि-चार-ते तीन, इथपर्यंत बारा. तु-झी दोन, लेक एक, कु-ठं दोन, नि-घा-ली तीन, ही आठ. एकूण वीस. ओळ आठ ठोक्यांची, त्यातले शेवटचे दोन सनईचे. म्हणजे वीस अक्षरांना सहा ठोके, साडेपाच सेकंदांहून किंचित जास्त. ठोक्याला ३.३ अक्षरं, सेकंदाला साडेतीनच्या वर. पाठवणीचं गाणं आणि शब्द बाजारात भाव करावा त्या वेगाने. काकूंचा आवाज भरून येत होता, पण तो भरून यायला ओळीत वेळच नव्हता.

आता कापायचं काय? मी त्यांना प्रत्येक शब्दाला विचारायला सांगितलं, "तू गेलास तर अर्थ जातो का?" "आज" गेला तर काही बिघडत नाही, पाठवणी आजच आहे. "मला" गेला तरी चालतं, गाणारी आई आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे. "तुझी" त्याच कारणाने जातो. "अंगणातली" जातो, कारण तुळस अंगणातच असते. "निघाली" जड होता, तो पुढच्या ओळीला दिला. उरलं ते असं:

तुळस विचारे, लेक कुठे?

तु-ळस, वि-चा-रे, लेक, कु-ठे. आठ अक्षरं. सहा ठोक्यांत आठ, म्हणजे ठोक्याला सव्वाच्या जरा वर, सेकंदाला १.४.

फक्त संख्या कमी झाली म्हणून ही ओळ बसली नाही. "विचारते" चं "विचारे" केल्यावर "चा" वर थांबता आलं. "कुठं" च्या जागी "कुठे" आल्यावर ओळ "ए" वर उघडी संपली. संथ गाण्यात अक्षरं कमी झाली की प्रत्येक अक्षर लांब होतं, आणि लांब धरायला आ, ए, ओ हे स्वर हवेत. "ट" किंवा "क" वर संपणारा शब्द दोन सेकंद धरता येत नाही. "कुठं" मधला दबका अं धरता येतो, पण तो पुढे जात नाही. काकू बोलताना "कुठं" च म्हणतात, पण गाताना "कुठे" त्यांना परका वाटला नाही. वाटला असता तर मी तो तसाच ठेवून ओळीचा शेवट दुसऱ्या शब्दावर नेला असता. गाणारीच्या तोंडची भाषा मोडून बसवलेली ओळ ट्रॅकवर बसते, पण तिच्या गळ्यात बसत नाही.

वेगळं काही करण्याआधी हीच मोजणी दुसऱ्या अंतऱ्यावरही करा. मुखड्यातल्या आणि अंतऱ्यातल्या जोडीच्या ओळींत एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक गाणारा सहज सांभाळतो. चार-पाचांचा असेल तर अडखळणार, मग त्याचा गळा कितीही तयार असो.

जलद गाण्यात उलटी बाजू

हळदीच्या एका गाण्याचा मुखडा नुसता "हळद लागली" एवढाच होता. ट्रॅक १२६ चा. ह-ळद, लाग-ली, चार अक्षरं. आठांतला एक ठोका श्वासाला सोडला तर सात ठोके, सव्वातीन सेकंदांच्या जरा वर. सेकंदाला १.२ अक्षरं. म्हणजे पाठवणीच्या गाण्याहूनही संथ शब्द आणि खाली ढोलकी दुप्पट वेगाने. पोरं नाचत होती ती ढोलकीवर, गाण्यावर नाही. बदललेली ओळ:

हळद लागली नवरीला, ढोल वाजतो अंगणी

तेरा अक्षरं. सेकंदाला ३.९, ठोक्याला दोनाच्या जरा खाली. लगेच उचल मिळाली.

इथे एक भेद नीट ध्यानात घ्या. जत्रेत किंवा वरातीत सगळ्यांनी मिळून ओरडायचा जो तुकडा असतो, तो थोड्या अक्षरांचाच असायला हवा, गाणं कितीही जलद असलं तरी. तिथे रिकामी जागा गर्दी भरते, टाळ्या भरतात. "हळद लागली" हे त्या तुकड्यासाठी उत्तम होतं, फक्त सलग चार ओळी तसंच चाललं तर गाणं बसकण मारतं. आधी दाट ओळी, मग मोकळा घोष, अशी रचना केली की तोच तुकडा उसळून येतो. आम्ही तो तसाच ठेवला, तेरा अक्षरांच्या दोन ओळींनंतर.

पुढच्या ओळीने मात्र अडवलं.

मित्रांच्या वऱ्हाडात प्रत्येकजण नाचतो

तोंडात अकराच अक्षरं. आकड्याने बघितलं तर ही आधीच्या ओळीहून सोपी असायला हवी. पण "त्र", "च्या", "ऱ्हा", "प्र", "त्ये", प्रत्येक जोडाक्षराला जिभेला दोन जागी जावं लागतं, आणि "वऱ्हाडात" चा त संपायच्या आत "प्रत्येक" चा प सुरू होतो. १२६ ला त्यातलं निम्मं गिळलं जात होतं. बदल केला:

दादा नाचे, मामा नाचे, सारी आळी नाचते गं

पंधरा अक्षरं, सेकंदाला साडेचार. अकरा अडखळत होती, पंधरा धावली. कारण जवळपास प्रत्येक अक्षर एका व्यंजनाचं आणि उघड्या स्वराचं आहे, आणि "दा", "मा", "सा" बरोबर जोराच्या ठोक्यावर पडतात. म्हणून जलद गाण्यात मोजणी झाल्यावर जोडाक्षरांखाली पेन्सिलीने रेघ ओढा. एका ओळीत दोनपेक्षा जास्त रेघा दिसल्या तर संख्या कमी असली तरी ती ओळ संशयित.

हळदीच्या गाण्यांसाठी आणखी एक गोष्ट तपासा. डीजे ट्रॅक जसाच्या तसा वाजवत नाही. रात्र चढत जाते तशी लयही चढवतो आणि लाइव्ह बँड असेल तर ढोलकीवाले आपणहून पळतात. १२६ चं गाणं सहज १३६ ला जातं. साडेचारची ओळ तिथे पाचच्या आत राहते आणि निभते. पण ओळभर ठोक्याला तीन अक्षरं लिहिली असतील तर १२६ ला ६.३ असलेला आकडा १३६ ला ६.८ होतो, आणि स्टेजवर घामाघूम झालेला गाणारा तिथे पडतो. मेट्रोनोम दहाने वाढवून ओळ एकदा नुसती बोलून बघा.

तिसरी तपासणी: लय थोडी हलवून भागेल का?

शब्दांना हात लावायचा नसेल तर लोक लगेच विचारतात, "ट्रॅकच जरा स्लो कर ना." फरक किरकोळ असेल तर होतं. ट्रॅक पूर्ण प्रोग्राम केलेला असेल तर लय बदलणं हे आकडा बदलण्याइतकं सोपं आहे. सनई, ढोलकी, बासरी प्रत्यक्ष वाजवून घेतली असेल तर मी पाच टक्क्यांपलीकडे ताणत नाही. ढोलकीच्या थापेची धार त्यानंतर बोथट व्हायला लागते आणि सनईचा स्वर थरथरल्यासारखा येतो.

पण मोठा फरक लयीने कधीच मिटत नाही. काकूंची वीस अक्षरांची ओळ सेकंदाला अडीचवर आणायची तर सहा ठोक्यांना आठ सेकंद द्यावे लागले असते, म्हणजे ४५ बीपीएम. त्या लयीत ढोलकी दोन ठोक्यांमध्ये झोपून जाते. आणि ठोक्याला ३.३ अक्षरं ही दाटी तशीच राहते, कारण लय कमी केल्याने ठोके वाढत नाहीत. ट्रॅक हळू केला तरी गाणं दाटच वाटतं, वर रटाळही होतं. आकडा चौकटीच्या किंचित बाहेर असेल तरच या वाटेला जा.

चौथी: तीच ओळ जास्त ठोक्यांवर पसरवा

शब्द कापायचे नाहीत असं ठरलं तर हा मार्ग उरतो, आणि तो महाग आहे. आपल्या संगीतात तो नवा नाही. विलंबित एकतालात एक आवर्तन पाऊण-एक मिनिट चालतं आणि त्यात बंदिशीचे मोजकेच शब्द येतात. भजनी मंडळातही अभंग आधी सावकाश, एकेक चरण फिरवत गातात आणि शेवटी लय चढली की तेच शब्द भराभर येतात. शब्द तेवढेच, त्यांना दिलेली जागा बदलते.

काकूंची मूळ ओळ आम्ही कागदावर अशीही मांडून पाहिली होती. "विचारते" पर्यंतची बारा अक्षरं पहिल्या आठ ठोक्यांत, "तुझी लेक कुठं निघाली" ही आठ अक्षरं पुढच्या आठांत, दोन्हीकडे दोन-दोन ठोके सनईला. पहिल्या भागात ठोक्याला दोन, दुसऱ्यात सव्वाच्या जवळ. आकडे चौकटीत आले. पण चार ओळींचा मुखडा अर्ध्या मिनिटावरून एक मिनिटाचा झाला असता, मधले म्युझिक पीस नव्याने कापावे लागले असते आणि सनईवाल्याला परत बोलवावं लागलं असतं. काकूंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "शब्दच कमी करू. रडायला तेवढी जागा राहील." माझंही मत तेच होतं. पण शब्द खरोखर तोलामोलाचे असतील, एकही काढता येत नसेल, तर हा खर्च करावा. तो ट्रॅक बांधून घेण्याआधी करा. नंतर केला तर दुप्पट पडतो.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

शब्द पारंपरिक धवल्यातले असतील तर कात्री लावू नका. आगरी लग्नात धवलारीण जे गाते, त्याची लय ट्रॅकची नसते. ती विधीची असते आणि तिथे शब्दांचा क्रम महत्त्वाचा असतो. काय दोनदा घेता येतं, काय अजिबात गाळता येत नाही, ते धवलारणीलाच विचारा. शक्य असेल तर तिलाच मेट्रोनोमच्या क्लिकशिवाय गाऊ द्या आणि ट्रॅक तिच्या मागून बांधा. अभंगाचंही तसंच. अक्षरं मोजून बांधलेल्या चरणातून एक शब्द काढला तर सगळा चरण मोडतो. तिथे चाल बदलायची, शब्द नाही.

शब्द दुसऱ्या गीतकाराचे असतील तर त्याला न विचारता एक अक्षरही हलवू नका. मोजणीचा कागद त्याच्यासमोर ठेवा. "ओळ वाईट आहे" असं ऐकून गीतकार बिथरतो, पण "सहा ठोके आहेत आणि वीस अक्षरं" हे त्याला लगेच पटतं आणि तुमच्याहून चांगला बदल तोच सुचवतो.

अक्षरं चौकटीत आली, जोडाक्षरं कमी झाली, श्वासाची जागा मिळाली आणि तरी ओळ अडतेय, तर दोष चालीत आहे. चालीने ज्या अक्षरावर जोर मागितला आहे तिथे शब्दाचा जोर पडत नसेल, किंवा एका अक्षराला पाच-पाच स्वर दिले असतील. हे शब्द बदलत राहून सुटत नाही. पैसे मोजून संगीतकाराकडे जा. एकच ओळ तिसऱ्यांदा लिहूनही तिथेच अडली, तर ती संगीतकाराची ओळ असं मी धरते.

गाणारीचा घसा दुखायला लागला किंवा आवाज फाटायला लागला तर त्या दिवशी रेकॉर्डिंग बंद करा. दाट ओळी पुन्हा पुन्हा जोर लावून म्हटल्याने असं होतं आणि "अजून एक टेक" ने ते वाढतं. बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.

संगीतकाराकडे जाताना चार गोष्टी बरोबर न्या: ट्रॅकची फाइल, पायाने धरलेला खरा बीपीएम, प्रत्येक ओळीसमोर तोंडातली अक्षरं आणि शब्दांचे ठोके लिहिलेला कागद, आणि गाणारीने ट्रॅकशिवाय, मनाला येईल त्या लयीत म्हटलेलं रेकॉर्डिंग. शेवटचं विसरू नका. ती स्वतःहून कुठे थांबते आणि कुठे धावते, ते त्यात ऐकू येतं, आणि नवी चाल तिथूनच सुरू करता येते.